घ घावाचा

रविवार, ८ जानेवारी १९७८
आज गल्लीच्या टीमचं नाव ठरलं. पुढच्या रविवारी पाथरीच्या टीमशी मॅच, त्याआधी बनियनवर छापायचंय. कॅप्टन सूर्यभान म्हणाला, 'मुंगळे' ठेवू. बारका दिसतो, पण चावला की सोडत न्हाई. पोरं लय हसली. पण मॅनेजर मी, सेलूतला मराठीचा मास्तर, आणि नाव मुंगळे? मी सुचवलं, छातीवर 'एक घाव', पाठीवर 'दोन तुकडे'. गंमतही, दराराही. चिठ्ठ्या टाकल्या. उघडून मीच वाचल्या. माझं नाव जिंकलं. वाचताना मी टीमचं हित पाहिलं, एवढंच.

सोमवार
झोप नाही. सूर्यभानला सांगून टाकावं का? पण नाव उत्तम आहे. मग अन्याय कुठला?

बुधवार
दत्तराव पेंटर स्टेन्सिल कापून देणार होते. मी म्हटलं, अक्षरं हा आपला प्रांत. जुन्या एक्स-रे फिल्मवर ब्लेडनं कोरली. 'घ'च्या पोटातला तुकडा गळून पडला. दुसऱ्या फिल्मवर तो धरून ठेवायला डोक्यावरच्या रेघेत डावीकडे न कापलेला जोड ठेवला. जमलं. हात आहे मला.

शनिवार, संक्रांत
बनियनं आली. दत्तरावांनी स्पंजनं लाल रंग झकास थोपटलाय. सूर्यभाननं एक उचलून वाचलं, 'एक धाव'. मी म्हटलं, घाव. तो म्हणाला, "मास्तर, रेघ तुटली की घ चा ध होतो. तुमीच शिकवलंय."
जोड होता तिथं रंग बसलाच नव्हता. याच घ-धसाठी मी वर्गात कान पिळतो. तोंडातून निघून गेलं, दत्तरावांनी घोळ केला. पोरं तशीच त्यांच्याशी भांडायला गेली. हातातला तीळगूळ खिशात टाकला. उद्या खरं सांगणार. मॅचनंतर. आधी सांगून टीमचं मन कशाला बिघडवा?

रविवार, १५
शेवटचा बॉल, जिंकायला तीन हव्या, बॅटिंगला अकरावा म्हणून मी. पाथरीवाले ओरडायला लागले, 'एक धाव! एक धाव!' एक काढली. दुसरीला रनआउट. आज सांगायची वेळ बरी नव्हती.

रविवार, २२
आज सांगायचंच ठरवून मैदानावर गेलो. सगळ्यांच्या छातीवर लाल अक्षरं झाकून भला मोठा काळा मुंगळा. दत्तरावांनी रंगवून दिलाय. माझं बनियन तेवढं तसंच.
सूर्यभान म्हणाला, "दत्तराव म्हणले, ज्यानं स्टेन्सिल कापलं त्याचं नाव त्याच्या छातीवर राहू द्या. आन् मास्तर, चिठ्ठीवर आमी समद्यांनी मुंगळेच लिव्हलं होतं."
म्हणजे पोरांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी दोन आठवडे मला मॅनेजरसाहेब म्हणत होती.
बारावा खेळाडू म्हणून पाणी नेलं. लाज वाटली. पाण्याची बादली छातीशी धरून चाललो, म्हणजे नाव दिसत नाही.