पाच अक्षरांचं तोंड

मंगळवार, ४ जून

लाळ. सकाळी लाळ, दुपारी लाळ, संध्याकाळी लाळेने ओलाचिंब टॉवेल. प्रयोगशाळेत कवळ्या बनवताना दिवसभर परक्यांच्या जबड्यांचे साचे हाताळते, कधी किळस आली नाही. सासऱ्यांचं तोंड पुसताना मात्र मान वळवून घेते. लकव्याने उजवी बाजू गेली, वाचाही गेली. कळतं मात्र सगळं. डोळे तसेच — सासूबाईंवर वटारलेले.

बुधवार, ५ जून

बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाई आल्या होत्या. म्हणाल्या, माणसाने जन्मभर घोकलेलं असतं ते बरेचदा आत शाबूत राहतं. गाणं, प्रार्थना, काहीही. तिथूनच सुरुवात करा, रोज, घरच्या घरी.

सासूबाई लगेच म्हणाल्या, "जप करायचे ते. नमः शिवाय."

करायचे तर! उजवा हात गोमुखीत — माळ झाकायची ती कापडी पिशवी — आणि दोन मण्यांच्या मधे बायकोचा उद्धार. चहा गार का, दार उघडं का. एकदा माझ्यादेखत पिशवीतून हात काढला, सासूबाईंच्या कानाखाली वाजवली, हात पुन्हा पिशवीत. जप पुढे चालू.

तो मंत्र त्या तोंडात मी परत घालायचा?

शुक्रवार, ७ जून

सासूबाई पिच्छा सोडत नाहीत. मला यातलं ओ की ठो येत नाही म्हटलं, तर ओट्याशी उभं करून शिकवायला लागल्या. सासरे पाहुण्यांना समजावून सांगत, तेव्हा या चहा देता देता ऐकत. न म्हणजे पृथ्वी. म म्हणजे पाणी. शि अग्नी, वा वायू, य आकाश. ज्या पाचांचं आपलं शरीर बनलं ती पाचही शिवाला वाहायची. सुरुवातीला ॐ लावला की अक्षरं सहा होतात, म्हणून पंचाक्षरीत तो मोजायचा नाही.

आणखी एक अर्थ सासरे आवडीने सांगत — नमः म्हणजे 'न मम'. माझं काही नाही. 'माझ्या घरात राहतेस' हे बायकोला उठता-बसता ऐकवणारा माणूस! मला हसू फुटलं. सासूबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तू फक्त त्यांना बोलतं कर."

कशाला, बाई? शिव्या खायला? या पतिभक्तीचीही शिसारी येते.

रविवार, ९ जून

माळ काढली. रुद्राक्षाचे एकशे आठ मणी, शिवाय (कसला योग!) एक मेरुमणी. माळ मधल्या बोटावर ठेवून अंगठ्याने एकेक मणी आपल्याकडे ओढायचा. तर्जनी लावायची नाही, ते बोट अहंकाराचं. एका मण्याला एक मंत्र. मेरू आला की तो ओलांडायचा नाही, माळ उलटी फिरवून आल्या वाटेने परत जायचं. आधी मोठ्याने, मग नुसते ओठ हलतील इतकं, मग मनातल्या मनात. मनातला सगळ्यात श्रेष्ठ म्हणे. आम्हाला तूर्त मोठ्याने हवाय.

जपाचा हात उजवा, आणि तोच लुळा. सासूबाईंनी तो मांडीवर घेतला, माळ बोटावर चढवली आणि त्यांचा अंगठा आपल्या चिमटीत धरून मणी ओढू लागल्या. तोच हात! मी उठून गॅलरीत गेले.

गुरुवार, १३ जून

जबडे हा माझा धंदा, तेव्हा तसंच शिकवते. न — जीभ वरच्या दातांमागे. म — ओठ मिटून उघडायचे, विसर्गाला श्वास सोडायचा. शि — जीभ टाळूजवळ, फटीतून हवा. वा — खालचा ओठ वरच्या दातांना. मी तोंडापुढे तोंड धरून करून दाखवते आणि सासूबाई प्रत्येक मंत्राला मणी ओढतात. ते थुंकी उडवतात. थेट चष्म्यावर.

आज 'न' आला. 'मः' आला. मग खूप झटापट करून निघालं, "शी!"

आमचं पहिल्यांदाच एकमत झालं.

सोमवार, २४ जून

आज अख्खा! माळ मेरूपाशी परतली तरी थांबेनात. नमः शिवाय, नमः शिवाय, खणखणीत. मला भरून आलं. मग स्वतःचाच राग आला.

बुधवार, १० जुलै

बाकीचे शब्दही येताहेत. पाणी. उशी. दार. सासूबाई प्रत्येक शब्द दोनदा वदवून घेतात, 'दुखतंय' तर पाच-सहादा.

शनिवार, २० जुलै

दुपारी सासूबाईंनी ताट पुढे ठेवलं. सासऱ्यांनी बघितलं आणि एकही अक्षर न अडखळता म्हणाले, "मीठ कुठंय, भवाने?"

मी ताट भिरकावणारच होते. हे मी शिकवलं. या हातांनी ती जीभ सरळ केली मी!

सासूबाईंनी शांतपणे मीठ वाढलं. म्हणाल्या, "आलं सगळं."

रविवार, २१ जुलै

सासूबाई बहिणीकडे गेल्या. कायमच्या. सासऱ्यांच्या सेवेला माणूस त्यांनी आधीच ठरवून ठेवला होता. दारात मला म्हणाल्या, "मुक्याला टाकून जाववत नव्हतं गं. आता हाक मारता येते त्यांना."