वाराची गोळी

मंगळवार, संध्याकाळ

ओठ अजून ठणकतोय. द्वारकेतल्या माझ्या मेडिकलमध्ये झेंडू विकणारी एक आजी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आली. संधिवाताने बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी वाकडी झालेली. "मला वाचता येत नाय, तूच सांग."

सांगू लागलो. ही पिवळी गोळी आठवड्यातून एकदाच. रोज घेतली तर तोंड सोलतं, रक्तातल्या पेशी घटतात, जीवही जातो.

"आजी, उपवासाचा वार कोणता धरता?"

"सोमवार."

मग सोमवार नको. बुधवारी बाजार असतो, म्हणजे लक्षात राहील; त्या दिवशी जेवल्यावर घ्या. दुसरी, फॉलिक ॲसिडची, गुरुवारी.

मागे उभा असलेला तिचा मुलगा खेकसला, "रोज घेतली तर लवकर बरी होईल ना? महिन्याच्या तीस दे."

"चारच मिळतील," म्हटलं. त्याने कॉलर धरली आणि माझं तोंड काउंटरवर आपटलं. स्टेपलर माझ्या हातात आला होता. मारलाच असता. खरंच मारला असता का?

त्याआधीच आजीने मुलाच्या कानाखाली लगावली. त्याच बोटांनी. मग माझ्याकडे वळली.

"बुधवारी पिवळी. पुढं सांग."

रक्त पुसत पुढचं सांगितलं. ओठाचं काही नाही. पण त्या बोटांनी मारताना तिला केवढी कळ आली असेल.