लौट आई अमानत

गोंदिया,
१२ डिसेंबर १९५८

प्रिय धुरपताताई,

आधी जे घडलं ते क्रमानं लिहिते.

१. वैशाखात तू फुलचूरला घरी आलीस. मी ड्यूटीवर होते.
२. ओसरीवर बाबांसोबत मिलमधले जागेश्वरकाका आणि आणखी दोघं बसले होते. तुला पाहून बाबा एक वाक्य बोलले. काकांनी त्याला जोड दिली. सगळे हसले. तूही हसलीस.
३. तू जेवलीस आणि संध्याकाळच्या पॅसेंजरनं दरेकशाला परत गेलीस.
४. दिवाळीनंतर तो जुना सिनेमा गोंदियात पुन्हा लागला. बाबांनी तो पहिल्यांदाच पाहिला.
५. पुढच्या आठवड्यात बाबा तुझ्या सासरी आले, थोडा वेळ बसले आणि परत गेले.
६. तुझं कार्ड आलं. त्यात एकच ओळ होती: ‘बाबा काऊन आले होते, समजलं नाही.’

का आले होते ते बाबा स्वतः सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते.

तो सिनेमा आपण दोघींनी पाहिला तेव्हा तुझं लग्न व्हायचं होतं. मैदानात तंबू लागला होता, बायकांच्या बाजूला आपण पोतं अंथरून बसलो होतो. सासर सोडून आलेली मुलगी पहाटे बापाच्या दारात उभी राहते आणि म्हणते, ‘बाबूजी, अमानत लौट आई.’ लग्नात बापानंच तिला सांगितलेलं असतं, की मुलगी म्हणजे दुसऱ्याची अमानत, आम्ही फक्त सांभाळणारे. त्याचाच शब्द ती त्याला परत देते. आवाज चढवत नाही. ‘लौट आई’तल्या ‘आई’वर तो जरासा फाटतो, तेवढंच. आणि बाप काहीच बोलत नाही. दाराची एक फळी उघडी असते, दुसरीला खालून-वरून कड्या असतात. तो वाकून खालची कडी काढतो, मग वरची काढतो, आणि ती फळीही उघडतो. प्रसंग तिथे संपतो. तू इतकी रडलीस की बाजूच्या बाईनं तुला विचारलं, ‘बाई, तुही सासू लय वाईट हाये का वं?’ आणि तुझं तर लग्नही ठरलेलं नव्हतं. घरी येईपर्यंत आपण त्या बाईवर हसत होतो.

त्यानंतर त्या वाक्याचं काय झालं, ते मी टेलिफोनच्या बोर्डावर बसून ऐकलं आहे. ऑपरेटरनं लोकांचं बोलणं ऐकू नये असा नियम आहे. पण कॉल जुळला की नाही हे पाहायला क्षणभर चावी उघडावी लागते, आणि तेवढ्यात एखादं वाक्य कानावर पडतंच. सुरुवातीला पोरं ते जसंच्या तसं म्हणायची, त्या नटीचा आवाज काढून. मग ‘बाबूजी’ गळलं, कारण ज्याला म्हणायचं तो बाबूजी समोर नसायचा. मग शब्द फिरले. ‘अमानत लौट आई’ ओरडून म्हणायला जड जातं, ‘लौट आई अमानत’ सोपं जातं. ‘लौट’ लांबवता येतो, हाळी दिल्यासारखा. शाळेत नापास होऊन त्याच वर्गात बसलेल्या मुलाला ते म्हणू लागले. पत्त्यांत टाकलेलं पान फिरून हातात आलं की म्हणू लागले. तुमसरचा एक व्यापारी रायपूरला सांगत होता की त्याचा पळालेला मुनीम परत आला, ‘अरे भाई, लौट आई अमानत!’ आणि दोन्हीकडून हसणं. त्यातल्या निम्म्या लोकांनी तो सिनेमा पाहिलेला नव्हता. पाहायची गरजही नव्हती. वाक्य शेजाऱ्याकडून उचललं की त्याचा अर्थही शेजाऱ्याचाच येतो.

आपल्या बाबांकडे ते मिलमधून आलं. उसना, म्हणजे उकडा, तांदूळ नीट वाळला नाही की व्यापारी पोत्यात हात घालतो, ओल लागली की गाडी तशीच परत धाडतो. गाडी फाटकात दिसली की हमाल ओरडायचे, ‘लौट आई अमानत!’ आणि मुकादम म्हणून बाबा अंगणातून उत्तर द्यायचे, ‘वाळवा अन् धाडा परत!’ पुढे पुढे ओरडणारे आणि उत्तर देणारे बदलत राहिले, पण जोडी ठरून गेली. पहिलं वाक्य आलं की दुसरं यायचंच. बाबांना त्यात वाईट काही वाटत नसे. परत आलेलं पोतं त्यांच्या लेखी टाकाऊ नव्हतं. ऊन दाखवलं की ते चांगलं होतं, आणि ऊन दाखवणं हेच त्यांचं काम. तेव्हा तुला दारात पाहून त्यांच्या तोंडून ते निघालं ते आनंदानं, हे मी त्यांची बाजू घेऊन म्हणत नाही. आईनं त्यांचा चेहरा पाहिला होता. ती म्हणते, दिवाळीला बोनस मिळाल्यावरही ते एवढे खूश दिसत नाहीत. आणि जागेश्वरकाकांनी सवयीनं जोडी पुरी केली, ‘मंग वाळवा अन् धाडा परत!’

ताई, तू काय बोलायला आली होतीस ते मला माहीत नाही. पण तू बोलण्याआधी दारात सगळं बोलून झालं होतं, उत्तरासकट. त्यानंतर तू हसण्याशिवाय काय करणार होतीस? पाहुण्यांना पाणी देताना तू म्हणालीस म्हणे, ‘मी तं सहज आली, काका, लोणच्याची बरणी न्याले.’ आईनं तुझं गाठोडं उचलून आत ठेवलं होतं. ते सहज आलेल्या बाईच्या गाठोड्याएवढं हलकं नव्हतं, हे तिला उचलतानाच कळलं. पण ओसरीवर परकी माणसं होती, आणि आपल्या घरात असं काही विचारायला एकांत लागतो. पाहुणे उठले तेव्हा तुझ्या गाडीची वेळ झाली होती. आईनं बरणी भरून दिली. तेव्हापासून ती लोणचं घालत नाही.

दिवाळीनंतर भिंतींवर पोस्टर लागलं. सिनेमाचं नाव खाली बारीक आणि ‘लौट आई अमानत’ वर हातभर अक्षरांत. शब्दसुद्धा गावानं फिरवलेले, सिनेमातले नव्हेत. थिएटरवाल्याला ठाऊक होतं लोक कशासाठी येतील. बाबांना वाटलं विनोदी खेळ आहे. वाक्य हसायचं, तर सिनेमाही हसायचाच असणार. ‘चाला वं, हासून येऊ,’ म्हणून आईला आणि मला घेऊन गेले. खेळ हसायचा नाही हे मला माहीत होतं, पण तुझ्या त्या दिवसाचं मला कुणी सांगितलेलं नव्हतं. म्हणून मी काही बोलले नाही, गेले.

मध्यंतरापर्यंत बाबा कंटाळले. हसू येण्यासारखं काहीच होईना. मग पहाटेचा प्रसंग आला. मुलगी पडद्यावर अंगणात शिरली तशी पुढच्या बाकांवर शिट्ट्या सुरू झाल्या. तिनं तोंड उघडायच्या आत सगळं थिएटर ओरडलं, ‘लौट आई अमानत!’ तिचे फक्त ओठ हलले. पुढून जागेश्वरकाकांचा आवाज आला, ‘वाळवा अन् धाडा परत!’ आणि हसण्याचा असा लोट आला की वरच्या फटीतून येणारा गार वाराही थांबल्यासारखा वाटला. पडद्यावर तो बाप वाकून खालची कडी काढत होता. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की वाक्य गावभर फिरलं, पण त्याचं उत्तर फिरलं नाही, कारण उत्तरात शब्दच नव्हते. म्हणून मिलनं आपलं उत्तर तिथे बसवलं.

बाबा उभे राहिले. मागून कुणीतरी म्हणालं, ‘बैठो चाचा, परदा दिखता नहीं.’ बाबा वळले आणि ओरडले, ‘कायले हासून राहिले रे? पोरगी आली ना थे! कायले हासून राहिले?’ लोक अधिकच हसले. त्यांना वाटलं, म्हातारा नक्कल करतो आहे. आईनं त्यांचं धोतर ओढून त्यांना खाली बसवलं. घरी येताना, फुलचूरच्या रस्त्यावर, तिनं त्यांना गाठोड्याचं सांगितलं. मी मागे चालत होते. मीही तेव्हाच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मिलमध्ये नवं वाक्य सुरू झालं होतं. पोतं फुटलं, कुणी घसरून पडला, की हमाल म्हणतात, ‘कायले हासून राहिले रे?’ आणि सगळे हसतात. बाबा रोज ऐकतात. काकांना एकदा म्हणाले, ‘जागेश्वर, हे नको म्हणू बाबू.’ काका म्हणाले, ‘अरे केवळराम, तुह्यावालाच डायलाग हाये!’ परवा बोर्डावर चावी उघडली तर बालाघाटकडचा कुणीतरी तेच म्हणत होता. मी प्लग काढून घेतला. नोकरीत चालू कॉल मी पहिल्यांदाच तोडला.

तर बाबा काऊन आले होते, ते हे. ते तुला न्यायला आले होते. तुझ्या सासऱ्यांनी ओसरीवर बसवलं, धानाचं विचारलं, तळ्यात पाणी किती आहे ते सांगितलं, आणि बाबांना सुरुवात कुठून करावी ते सुचलं नाही. सहज आलो म्हणाले. घरी आल्यावर जेवले नाहीत. आईनं खूप विचारलं तेव्हा एवढंच बोलले, ‘तिनं डाव्या हातानं पानी देल्लं. उजवा पदरातून काढलाच नाही.’ तेव्हापासून या घरात त्या वाक्यापुढे काही बोलणं झालेलं नाही.

तुझ्या हाताला काय झालं आहे हे मी पत्रात विचारत नाही. बाबांना माफ कर असंही लिहीत नाही. ते तुझं तू ठरव. हे पत्र मी वेगळ्या कारणासाठी लिहिते आहे. एक्स्चेंजमागच्या दोन खोल्या मला १ जानेवारीपासून मिळत आहेत. कुलूप माझं, भाडं माझ्या पगारातून. तिथे ओसरी नाही. तू कधीही ये. काही सांगावं लागणार नाही, आणि मी तुला परत पाठवणार नाही. सोबत कोण राहणार ते मला साहेबांना आधी कळवायचं आहे, आणि तिथे मला तुझं नाव द्यायचं आहे. हे पत्र दरेकसा स्टेशनवरचे बिसरामभाऊ बाजाराच्या दिवशी तुझ्या हातात देतील. वाचून झालं की चुलीत घाल. त्यांच्याजवळच उत्तर दे. लिहिणं जमणार नसेल तर नुसतं हो किंवा नाही सांग, ते मला पोचवतील. रविवार, २८ डिसेंबरच्या आत तुझं उत्तर कळव.

तुझीच,
मंदा