अपेक्षांच्या रकान्यातलं पत्र

४ जाने., रवि.
आईचा वर्ध्याहून फोन. समाजाच्या वधू-वर ग्रुपवर माझा बायोडाटा टाकायचाय. बाबांनी बाकी सगळं भरलंय, फक्त 'अपेक्षा' हा रकाना रिकामा. सुशिक्षित, मनमिळाऊ, एवढं लिही म्हणे, सगळे तेच लिहितात. धायरीच्या खोलीत तासभर बसलो. मनमिळाऊ मी तरी कुठे आहे?

६, मंगळ.
हडपसर, ऑफिस. जेवणाच्या सुट्टीत फाइल उघडली आणि त्या रकान्यात पत्रच सुरू झालं. नाव माहीत नाही, म्हणून 'प्रिय' खोडलं. 'तू' ठेवलं. 'तुम्ही' लिहिलं की ऑफिसचं मेल वाटतं.

"रागावलो की मी दोन दिवस बोलत नाही. वाट बघू नकोस, सरळ विचार. तुझी बदली झाली तर मी तिकडे येईन, असं आज लिहितोय. तेव्हा टाळाटाळ केली तर हे दाखव. भाजी येते, पोळ्या नाही. रोज खोलीवर येतो, कुलूप उघडतो, आणि 'पोचलो' असं कळवायला पुण्यात कुणी नाही. कुणीतरी विचारावं, एवढंच हवंय. तू पोचलीस का, हे मीही रोज विचारीन."

वाचून लाज वाटली. आईसाठी दोन ओळींची वेगळी फाइल केली.

९, शुक्र.
काल घाईत चुकीची फाइल गेली. आईने न उघडता बाबांना दिली, बाबांनी न वाचता ग्रुपवर टाकली. आज त्यांचा फोन.
"काहून रे, हे काय लिहून ठेवलं? साऱ्या समाजानं वाचलं."
मग, "तू जेवतं ना तिथं बराबर?"
हो म्हणालो.

११, रवि.
दोन स्थळांकडून नकार. एका बाईंनी आईला विचारलं, मुलाला काही त्रास आहे का. आई रडली म्हणे. आज दूधवाल्याशिवाय कुणाशी बोललो नाही. फार एकटं वाटतंय.

१४, बुध.
बायोडाट्यावर नंबर बाबांचा. काल संध्याकाळी त्यावर अनोळखी नंबरवरून मेसेज: "जय भीम. आज पोचलात का?"
बाबांनी उत्तर दिलं: "मी घरीच आहे. आपण कोण?"
पुढे काही नाही. फोटोच्या जागी चेहरा नाही, कसल्याशा रोपाची कुंडी. बाबा म्हणाले, पोरगी असंल का पोरीचा बाप, कोणाला ठाऊक. आधी हसलो, मग डोळे भरले. नंबर मागून घेतला. मघापासून नुसताच बघतोय.

१५, गुरु.
सात चाळीसला पोचलो. कुलूप उघडायच्या आधी जिन्यातच टाइप केलं: "जय भीम. पत्र माझं होतं. आत्ताच पोचलो. तुम्ही?"
'तू' लिहायचा धीर झाला नाही.
पाठवलं. साडेआठ झालेत, अजून एकच टिक. भाजी झालीय. मोबाइल ताटाशेजारी ठेवून जेवायला बसतो.