लाल खुणा दोन, पदक एक

३ फेब्रुवारी, शनिवार

पदक आलं! चांदीचं! आमच्या इस्त्रीवालीला! जिल्ह्याच्या खेळांत, साठीपुढच्या बायकांच्या चालण्याच्या शर्यतीत दुसरी आली! अक्षरं कोंबडीने उकरल्यासारखी येतायत. येऊ देत. चौथीत शाळा सुटली माझी, आणखी काय व्हायचं!

गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीचं दुकान आहे तिचं. आमच्या दोघींची पोरं एकाच पाळण्यात आळीपाळीने निजली, इतकी जुनी मैत्री. पण आज मैदानात ती मला ओळखूच येईना. छातीवर नंबर, पायात पांढरे बूट, कंबर अशी डावी-उजवी हलतेय की मागे बसलेली पोरं खिदळायला लागली. मी वळून म्हटलं, "हसा, हसा! एक फेरी मारून दाखवा असं चालून!"

मैदानाच्या साडेसात फेऱ्या. पळायचं नाही, चालायचंच. एक पाय सतत जमिनीला लागलेला पाहिजे. शिवाय पुढचा पाय टेकला की गुडघा सरळ, अंग त्याच्यावर येईपर्यंत सरळच. कडेने पंच उभे असतात, डोळे नुसते पायांवर. गुडघा वाकल्यासारखा वाटला की आधी पिवळी पाटी दाखवतात, सांभाळ म्हणून. खरंच वाकला तर लाल खूण जाते आणि फळ्यावर तुमच्या नंबरापुढे लागते. तीन पंचांच्या तीन खुणा झाल्या की बाहेर!

हिला दोन लागल्या. माझा जीव टांगणीला! सहाव्या फेरीपर्यंत ही पुढे होती. मग निळ्या टोपीवाली एक बाई हिच्या पुढे गेली ती गेलीच. मी घसा फाडून ओरडत होते. पण दुसरी तर दुसरी! पळत जाऊन मिठी मारली आणि म्हटलं, "अगं, या वयात एवढं! धन्य आहे बाई तुझी!"

तिचं तोंड एवढंसं झालं. बसमध्येही खिडकीकडे तोंड करून बसली. उन्हाने असेल.

४ फेब्रुवारी

सगळी गल्ली तिच्या दुकानात. "या वयात कमाल केलीत!" "या वयात आम्हाला तर जिना चढवत नाही!" मीही परत म्हटलं तेच. दोनदा.

५ फेब्रुवारी

आज ती सकाळी आमच्या रोजच्या, गल्लीजवळच्या मैदानावर आलीच नाही. मी एकटीच एक फेरी मारून परत आले. एकटीने चालणं म्हणजे मीठ नसलेला स्वयंपाक.

६ फेब्रुवारी, मंगळवार

दुकानात गेले. शर्टाची कॉलर दाबत होती. मान वर केली नाही.

"काय गं, रुसलीस?"

"मी कशाला रुसू? या वयात शोभतं का!"

आता कळलं! मग इस्त्री उभी करून ठेवली तिने आणि सुरूच झाली. "वर्षभर झिजले मी. आणि शाबासकी कशाची? म्हातारी झाल्याची! मी कॉलर कडक करून दिली तर ‘या वयात छान इस्त्री करता’ म्हणतात का कोणी? गल्ली म्हणू दे. गल्लीने काय पाहिलंय! तू रोज मैदानात होतीस. तूसुद्धा?"

तिला ही चाल शिकवणारे खेळाचे मास्तर रविवारी आमच्या मैदानावर तिच्या कौतुकाचा कार्यक्रम ठेवतायत. ही म्हणते, येणार नाही. "माझ्या वयाचा सत्कार करायचाय ना, मग वयालाच बोलवा."

मलाही राग आला. इतकं तोंडभरून कौतुक केलं, वर ही बोलणी! तरातरा घरी आले, चहा उतू घालवला, सुनेवर ओरडले. सून शहाणी. म्हणाली, "आई, मग रविवारी तुम्हीच बोला ना. काय पाहिलंत ते सांगा."

मी! भाषण! नळावरच्या भांडणाशिवाय चारचौघांत तोंड उघडलं नाही कधी.

८ फेब्रुवारी

दिवसभर भाजी निवडताना तीच शर्यत डोळ्यांपुढे. एक गोष्ट खटकत राहिली. दमलेल्या माणसाचं तोंड उघडं पडतं. निळी टोपी पुढे गेली तेव्हा हिचं तोंड मिटलेलं होतं! घट्ट. आणि त्याच्या जरा आधी हिने फळ्याकडे पाहिलं होतं.

दमली नव्हती ती. अगं माझे आई! आणि मी कडेने ओरडत होते, ‘चल, चल, रेट!’

तशीच दुकानाशी गेले. म्हटलं, "रविवारी मी बोलणार आहे."

"तू?" हसली एकदाची. "मग येते. तुझी फजिती कोण सोडणार!"

११ फेब्रुवारी, रविवार

झालं! बोलले! खुर्चीची पाठ धरून बोलले. आठवतं तसं लिहून ठेवते.

म्हटलं, हिचं वय मी सांगणार नाही, ते तिला फुकट मिळालंय. गुडघ्याचं सांगते. आयुष्यभर इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहिली, सगळा भार डाव्या पायावर, उजवा गुडघा जरा वाकवून. तो वाकलेलाच राहिला. मास्तर म्हणाले, हा सरळ झाल्याशिवाय ही शर्यत विसरा. तर ही बया दुकान उघडायच्या आधी त्याच टेबलावर पाय पसरून बसायची. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, आणि गुडघा खाली दाबायचा. दाबून धरायचा, सोडायचा, परत दाबायचा. डोळ्यांतून पाणी यायचं. मी विचारलं तर म्हणायची, वाफ गेली डोळ्यांत. इस्त्री तर थंड असायची!

मग मैदानावर मास्तरांनी आखलेली पांढरी रेघ. दोन्ही पाय त्याच रेघेवर पडायला हवेत. मी कडेला स्टुलावर बसून गुडघा बघायचे. वाकला की ओरडायचे, "वाकला!" एकदा म्हणाली, तुला सवतीसारखा डोळा आहे. सगळे हसले. ती मात्र खाली बघत होती.

शेवटी म्हटलं, त्या दिवशी हिच्यात दम होता. रेटली असती तर निळ्या टोपीला गाठलं असतं. पण रेटलं की उजवा गुडघा वाकतो, हे हिला ठाऊक, मला ठाऊक. दोन खुणा लागलेल्या. म्हणून हिने पाऊल आखूड केलं आणि डोळ्यांदेखत सोनं पुढे जाऊ दिलं. मागून लोक ओरडतायत, त्यांत मी सगळ्यांत मोठ्याने. तरी हिने गुडघा वाकू दिला नाही. तिसरी खूण लागू दिली नाही. माझं अभिनंदन त्या आखूड पावलाचं आहे, बाई. पदकाचं ज्याला करायचं त्याने करावं.

टाळ्या झाल्या. मास्तर रुमाल शोधत होते. ती उठली, माझ्याजवळ आली आणि कानात म्हणाली, "एवढं बघत होतीस, तर ओरडत कशाला होतीस गं, भवाने?"

दोघी हसून हसून खुर्चीत बसलो. एकाच.

१२ फेब्रुवारी

सकाळी फेरी. दोघींनी.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

दुकानात बसले होते तर तिचा फोन वाजला. खेळांच्या कचेरीतून. फोनचा आवाज मोठा, मलाही सगळं ऐकू येत होतं. निळ्या टोपीवालीचे जन्माचे कागद आता नीट तपासले, तिला साठ पूर्णच नाहीत. नोंद करणाऱ्याची चूक. तेव्हा पहिला नंबर आता तुमचा, सोन्याचं पदक घेऊन जा.

मी टाळी वाजवायला हात उचलला. तिने डोळ्यांनीच खाली करायला लावला.

"तिच्या नंबरापुढे एक तरी लाल खूण होती का हो?" तिने विचारलं. तिकडून नाही म्हणाले. "मग ते तिचंच. मी तिच्याहून म्हातारी आहे म्हणून सोनं द्यायला निघालात होय? राहू दे तिथेच. पुढच्या वर्षी चालून नेते."

फोन ठेवला, इस्त्री उचलली. मग उजव्या पायावर भार देऊन उभी राहिली. गुडघा सरळ.