डोळे उघडण्याआधी

नथानियल मामा,

हे पत्र आई पाठवू देणार नाय, तरी लिहितोय.

सहा वर्षांपूर्वी तुम्ही दिलेली सीताफळाची बी मी गडब गावच्या आपल्या परसात लावली. दीड महिन्यानं कोंब आला. चौथ्या वर्षी फुलं आली, ती सगळी गळली. पाचव्या वर्षीही तेच. यंदा जूनमध्ये पूर्ण उमललेल्या फुलांतले परागकण मी रंगाच्या ब्रशनं अर्धवट उघडलेल्या फुलांत घातले, तेव्हा कुठे एक फळ धरलं.

आणि इस्रायलला जायचं ठरलं म्हणून देवाचे आभार मानायला तुम्ही केलेल्या मलिद्याच्या, गोड पोह्यांच्या ताटात लागणाऱ्या पाच फळांतलं एक कमी पडलं, तर तुम्ही न विचारता तेच तोडलंत!

डोळे उघडले नव्हते, मामा. खवल्यांमधल्या भेगा पिवळसर व्हायच्या आत काढलेलं सीताफळ पिकत नाय. प्रार्थना झाल्यावर मी ते ताटातून उचलून भाताच्या पेंढ्यात आठ दिवस ठेवलं. दगडासारखं राहिलं आणि काळं पडलं.

आई म्हणाली, "गप ऱ्हा. देवाच्या नावानं गेलं." कुठं गेलं? कोणाच्या तोंडात गेलं?

बी देताना तुम्हीच म्हणाला होतात, "पहिलं फळ मला हां." तुमच्यासाठीच राखलं होतं. आणखी पंधरा दिवस थांबला असतात, तरी तुमचं विमान चुकलं नसतं.

ज्याला विचारलं नाहीत तो,
एझ्रा