पहिला हसरा चेहरा

सोमवार, संध्याकाळ

काल देवळात गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालताना मी नेहमीसारखा तोतरा बोललो. लगेच सुध्याने शाळूसोबत्यांच्या ग्रुपवर टाकलं, ‘दत्याचं गाऱ्हाणं संपेपर्यंत देव झोपला.’ खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

ग्रुपवर काही न लिहिता आज त्याच्या बागेत गेलो. म्हटलं, “भांडायला नाही आलो. पण ते लागलं रे. आता देवापुढे तोंड उघडायची भीती वाटते.”

त्याने फोनच पुढे धरला. “मेल्या, पहिला हसरा चेहरा तर तुझाच!”

फोन पाहिला. खरंच माझाच! लाज झाकायला टाकला असेल?

“चुकलो,” तो म्हणाला. “ग्रुपवर लिहू?”

“नको. तुला कळलं, पुरे.”

“पुढच्या वेळी हसू नको, शिवी घाल. आणि गाऱ्हाणं तूच घालायचं. प्रत्येक वाक्याला ‘होय महाराजा’ म्हणायला मी शेजारी उभा राहीन.”

घरी येऊन आधी तो हसरा चेहरा ग्रुपवरून काढून टाकला.